भाजीच्या वाफ्यासाठी खत घेताना गोणीवर काय वाचायचं

कृषी सेवा केंद्रात पहिल्यांदा खत घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: "दादा, भाजीला कुठलं खत चांगलं?" मग दुकानदार हाताशी असलेली किंवा त्याला जास्त सुटणारी गोणी पुढे करतो. प्रश्न थोडा बदलला तर सगळा व्यवहार बदलतो. "१०:२६:२६ आहे का, आणि त्याचं उगम प्रमाणपत्र दाखवाल का?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला, म्हणजे कंपनीने दुकानदाराला ते खत दिल्याचा कागद मागणाऱ्याला, कोणी भलतं खत गळ्यात मारायला जात नाही. हे विचारण्याइतकं गोणीवरचं कसं वाचायचं, ते इथे एका गुंठ्यातल्या भेंडीचं उदाहरण घेऊन सांगतो. परसबागेला किंवा दोन वाफ्यांनाही हाच हिशोब लागू पडतो, फक्त मात्रा त्या प्रमाणात कमी करायची.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी पिकाची गरज लिहून घ्या

कृषी विद्यापीठांच्या शिफारशी हेक्टरी किलोत असतात आणि क्रम कायम नत्र, स्फुरद, पालाश असा असतो. भेंडीला हेक्टरी १००:५०:५० ही नेहमी सांगितली जाणारी मात्रा आहे. हेक्टरात साधारण शंभर गुंठे येतात, त्यामुळे हेक्टरी आकड्याला शंभराने भागलं की गुंठ्याची गरज मिळते. म्हणजे एका गुंठ्याला १ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि अर्धा किलो पालाश. ही मात्रा हेक्टरी १५ ते २० टन शेणखताच्या जोडीला धरलेली असते, म्हणजे गुंठ्याला दीडशे ते दोनशे किलो. शेणखत टाकलंच नाही तर केवळ गोणीतल्या खतावर तेच उत्पन्न मिळेल असं धरू नका.

मातीपरीक्षण केलं असेल तर त्याचा कागद सोबत ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या जमिनींत पालाश मुळातच भरपूर असतं. अहवालात पालाश 'जास्त' आलं असेल, तर तिसरा आकडा मोठा असलेलं महाग खत घेण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: आकडे वाचा, शून्यासकट

गोणीवर ठळक छापलेले आकडे म्हणजे शंभर किलो खतातलं अन्नद्रव्याचं वजन. १०:२६:२६ म्हणजे शंभर किलोत १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद, २६ किलो पालाश. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि बाकी काही नसतं. डीएपी म्हणजे १८:४६:०. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश. स्फुरद P₂O₅ च्या आणि पालाश K₂O च्या रूपात मोजायची रीत आहे. शिफारशीही त्याच मापात दिलेल्या असतात, म्हणून काही रूपांतर न करता थेट हिशोब करता येतो.

नवख्या माणसाचा घोटाळा हमखास होतो तो २०:२०:०:१३ या गोणीपाशी. पहिले दोन आकडे दणदणीत असल्यामुळे सगळं काही मिळतंय असं वाटतं. पण तिसऱ्या जागी शून्य आहे, म्हणजे पालाश अजिबात नाही. चौथा आकडा गंधकाचा. खत उत्तम आहे, गंधकाची कमतरता असलेल्या जमिनीत तर फारच चांगलं, पण फळभाजीला एवढंच टाकून थांबलात तर पालाशाची बाजू कोरीच राहते. पुढे पानांच्या कडा करपायला लागतात आणि माणूस रोग समजून औषध फवारत बसतो.

आता भेंडीचा हिशोब करू. तीन गरजांपैकी आधी स्फुरद भागवायचं, कारण स्फुरद आणि पालाश पेरणीच्या वेळी सगळं द्यायचं असतं. नत्र मात्र निम्मं पेरणीला आणि निम्मं महिन्याभराने द्यायचं.

१०:२६:२६ घेतलं तर अर्धा किलो स्फुरदासाठी ०.५ भागिले ०.२६, म्हणजे साधारण १.९ किलो खत लागेल. त्याच खतातून अर्धा किलो पालाशही मिळालं आणि सुमारे १९० ग्रॅम नत्र मिळालं. पेरणीला अर्धा किलो नत्र हवं, म्हणजे ३१० ग्रॅम कमी पडलं. ते भरून काढायला युरिया साधारण ६७० ग्रॅम. महिन्याने उरलेल्या अर्धा किलो नत्रासाठी १ किलो ९० ग्रॅम युरिया, तोही एकदम न टाकता दोन हप्त्यांत, ओल असताना आणि खोडापासून चार बोटं लांब.

२०:२०:०:१३ घेतलं तर अडीच किलोत अर्धा किलो नत्र आणि अर्धा किलो स्फुरद बरोबर बसतं. पेरणीला युरिया लागतच नाही. पण पालाशासाठी ८३० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश वेगळं आणावं लागतं. नंतरचा युरिया तेवढाच.

दोन्ही रस्ते बरोबर आहेत. कुठला घ्यायचा ते त्या दिवशी दुकानात काय आहे, दर काय आहे आणि मातीचा अहवाल काय म्हणतो यावर ठरवा. गोणीवर कंपनीचं नाव कुठलं आहे, याचा या हिशोबाशी काही संबंध नाही.

अनुदानित खतांत तर ब्रँडचा प्रश्न सरकारनेच जवळपास मिटवलाय. ऑक्टोबर २०२२ पासून युरिया, डीएपी, म्युरेट ऑफ पोटॅश आणि एनपीके म्हणजे नत्र-स्फुरद-पालाशाची खतं 'भारत' या एकाच नावाने विकली जातात. गोणीवर मोठ्या अक्षरांत 'भारत युरिया' किंवा 'भारत एनपीके' असतं, कंपनीचं नाव खालच्या भागात. ग्रेड, म्हणजे गोणीवरचे आकडे, तीच असेल तर कुठल्याही कंपनीच्या गोणीतून पिकाला तेवढंच मिळणार. म्हणून "अमुकच कंपनीचं भारत डीएपी भारी" असं कोणी सांगितलं, तर त्यासाठी दुसऱ्या तालुक्यापर्यंत पायपीट करू नका.

एक भेद मात्र ओळखता यायला हवा, तो संयुक्त आणि मिश्र खताचा. १०:२६:२६ किंवा १५:१५:१५ ही संयुक्त खतं आहेत, त्यांच्या प्रत्येक दाण्यात जाहीर केलेली सगळी अन्नद्रव्यं असतात. १८:१८:१० सारखं मिश्र खत वेगवेगळी खतं एकत्र करून बनवतात. त्याचा कारखाना लहानसाही असू शकतो आणि त्याला राज्याच्या कृषी विभागाकडून उत्पादनाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मिश्र खत वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण मिश्रण नीट झालं नसेल तर एका गोणीत एक आणि दुसरीत दुसरंच निघतं, म्हणून पुढची पायरी तिथे जास्त काळजीने करायची.

तिसरी पायरी: सेंद्रिय खताचं मोजमाप वेगळं आहे

गांडूळखताच्या गोणीवर १०:२६:२६ सारखे आकडे शोधू नका. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये सेंद्रिय खतांसाठी वेगळी अनुसूची आहे. तिच्यानुसार गांडूळखतात किमान १ टक्का नत्र, ०.८ टक्के स्फुरद, ०.८ टक्के पालाश आणि १८ टक्के सेंद्रिय कर्ब असायला हवा, ओलावा १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान. शहरी कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टला कर्बाची अट १२ टक्क्यांची आहे.

५० किलोची गांडूळखताची गोणी समजा ५०० रुपयांना मिळाली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश मिळून जेमतेम १ किलो ३०० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीत एकटं नत्रच २० किलो ७०० ग्रॅम असतं. ही तुलना केली की गांडूळखत फसवं वाटायला लागतं. पण तुम्ही इथे नत्र विकत घेत नाही. तुम्ही घेताय त्या गोणीतला ९ किलो सेंद्रिय कर्ब, ज्याच्यामुळे माती भुसभुशीत राहते, ओल धरते आणि दिलेलं रासायनिक खत मुळांपाशी टिकतं. म्हणून सेंद्रिय खताची तुलना सेंद्रिय खताशीच करा, आणि ती तीन ओळींवर करा: कर्ब किती, ओलावा किती, कर्ब-नत्र गुणोत्तर किती. हे गुणोत्तर २० च्या खाली हवं. त्यापेक्षा जास्त असलं की खत पुरतं कुजलेलं नाही असं समजायचं. असं खत वाफ्यात गेलं की कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात.

केवळ गांडूळखतावर भेंडी घ्यायची असेल तर १०० किलोत कागदावर १ किलो नत्र भरतं, म्हणजे गुंठ्याची गरज पुरी झाली असं दिसतं. पण सेंद्रिय नत्र हळूहळू मोकळं होतं, त्यातला एक भागच या पिकाला मिळतो आणि बाकीचं पुढच्या हंगामांना. पहिल्याच वर्षी पूर्ण सेंद्रियवर गेलेल्या वाफ्यांत झाडं खुरटी राहतात ती बहुतेक याच कारणाने. शेणखत पोटभर टाका, गांडूळखत द्या, आणि पहिल्या हंगामात उत्पन्न थोडं कमी आलं तर खताला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या.

ओलावा घरी पाहता येतो. नवीन गोणी फोडल्याबरोबर मधलं १ किलो खत वजनकाट्यावर मोजून घ्या, वर्तमानपत्रावर पातळ पसरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा आणि पुन्हा मोजा. उन्हात सगळं पाणी जात नाही, तरीही वजन ३०० ग्रॅमहून जास्त घटलं तर तुम्ही खताच्या भावाने पाणी विकत घेतलंय. भेसळ पाहायची तर मूठभर खत काचेच्या पेल्यातल्या पाण्यात ढवळून स्थिर होऊ द्या. तळाला वाळू आणि खड्यांचा जाड थर बसला की त्यात माती मिसळलेली आहे. उग्र अमोनियाचा किंवा कुबट वास आला तर खत अजून कच्चं आहे. शिसं, कॅडमियम असे जड धातू मात्र घरी कळत नाहीत. शहरी कंपोस्टमध्ये तीच खरी काळजी असते, म्हणून त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. पालेभाजी लावणार असाल तर हा अहवाल नाही म्हणणाऱ्याकडून मी घेणार नाही.

'जैविक डीएपी' म्हणजे काय

या नावाच्या गोणीवर वेगळं थांबून बोलायला हवं, कारण नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. दाणे डीएपीसारखे, गोणीचा रंग डीएपीच्या जवळचा, आणि नावात 'डीएपी' किंवा 'पॉवर फॉस्फेट'. उलटून बारीक अक्षरं वाचली की बऱ्याचदा कळतं, ते स्फुरदयुक्त सेंद्रिय खत आहे. दुकानात त्याला 'प्रॉम' म्हणतात. रॉक फॉस्फेटची बारीक भुकटी कंपोस्टबरोबर कुजवून ते करतात आणि त्यात स्फुरदाची किमान अट १०.४ टक्के आहे.

५० किलो डीएपीत स्फुरद २३ किलो आणि नत्र ९ किलो. ५० किलो प्रॉममध्ये स्फुरद ५ किलो २०० ग्रॅम. आपल्या भेंडीच्या गुंठ्याला अर्धा किलो स्फुरद डीएपीतून द्यायचं तर सुमारे १ किलो १०० ग्रॅम खत लागतं, प्रॉममधून द्यायचं तर ४ किलो ८०० ग्रॅम. डीएपीच्या मापाने प्रॉम टाकणाऱ्याच्या पिकाला पाव हिश्श्याहून कमी स्फुरद मिळतं. शिवाय रॉक फॉस्फेट पाण्यात जवळपास विरघळत नाही. ते आम्लधर्मी मातीत, म्हणजे कोकणातल्या जांभ्या जमिनीत, बऱ्यापैकी कामाला येतं, पण देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत फार संथ पडतं. प्रॉम प्रॉम म्हणून, त्याच्या भावाने आणि त्याच्या मात्रेने घ्यायला काहीच हरकत नाही. डीएपी समजून घेऊ नका एवढंच.

'ऑरगॅनिक पोटॅश' हे नावही असंच तपासा. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल काढून झाल्यावर उरलेल्या द्रवातून जे पालाश काढतात त्याला किमान १४.५ टक्क्यांची अट आहे. म्युरेट ऑफ पोटॅशच्या जागी घ्यायचं तर मात्रा चौपट धरावी लागते.

चौथी पायरी: नोंदणीच्या खुणा, खऱ्या आणि बिनकामाच्या

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गोणीवर आधी हे छापलेलं असायला हवं की आत नेमकं काय आहे: खत, सेंद्रिय खत की जैविक खत. हा शब्द चौकटीत ठळक शोधा. 'प्लांट फूड', 'सॉइल कंडिशनर', 'ग्रोथ प्रमोटर' एवढंच लिहिलेलं असेल आणि यापैकी काहीच नसेल, तर त्या पाकिटाने कुठल्याही किमान अन्नद्रव्याची हमी घेतलेली नाही. बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी मिळणाऱ्या अर्ध्या-एक किलोच्या पाकिटांत असा प्रकार फार आढळतो.

त्यानंतर बघायचं ते असं: उत्पादकाचं नाव आणि कारखान्याचा पत्ता, अन्नद्रव्यांची टक्केवारी, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि कमाल किरकोळ किंमत. 'मार्केटेड बाय' खाली एका गावाचं नाव आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' पुढे काहीच नाही, अशी गोणी बाजूला ठेवा. गोणीची शिवण मशिनची आणि अखंड हवी. हाताने शिवलेल्या गोणीला शिशाचं सील लागतं. शिवणीत दोन रंगांचा दोरा दिसला किंवा जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं दिसली, तर ती गोणी उघडून पुन्हा शिवलेली असू शकते.

मग दुकानाचा कागद. विक्रेत्याकडे कृषी विभागाचा खत विक्रीचा परवाना असतो. तो ज्या कंपनीचं जे खत विकतो, त्या कंपनीने त्याला दिलेलं उगम प्रमाणपत्र त्याच्याकडे असलं पाहिजे. दुकानात याला 'ओ फॉर्म' म्हणतात. गोणीवरचं कंपनीचं नाव आणि खताचं नाव त्या कागदावरच्या नावाशी शब्दाला शब्द जुळतं का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. साठा आणि भाव लिहिलेला फलकही दुकानात दर्शनी भागी लावायचा असतो.

आता ज्या खुणांवर लोक विसंबतात, पण ज्या खताच्या दर्जाबद्दल काही सांगत नाहीत, त्या. आयएसओ क्रमांक कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतो, गोणीतल्या टक्केवारीबद्दल नाही. नावापुढचा गोलातला आर म्हणजे ते नाव दुसऱ्याने वापरू नये एवढंच. जीएसटी क्रमांक कराचा. 'जैविक भारत' हा लोगो तर अन्नपदार्थांसाठी आहे, खतावर तो छापलेला दिसला तर संशयच घ्यावा. तुम्ही प्रमाणित सेंद्रिय भाजी पिकवत असाल तर निराळी गोष्ट: तुम्हाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला खत घेण्याआधीच विचारा की हे निविष्ठा म्हणून चालेल का, आणि उत्तर लेखी घ्या.

जिवाणू खतांचं एक वेगळंपण थोडक्यात. ॲझोटोबॅक्टर, रायझोबियम, स्फुरद विरघळवणारे पीएसबी यांच्या पाकिटावर नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे नसतात, जिवाणूंची संख्या असते. भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी, द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी. इथे सगळ्यात महत्त्वाची ओळ अंतिम तारखेची. उन्हात ठेवलेल्या रॅकवरची बाटली तारखेत असली तरी घेऊ नका.

पाचवी पायरी: घरी आणल्यावर एक दाणा तपासा

डीएपीचे चार-पाच दाणे तळहातावर घेऊन तंबाखूसारखा चुना लावून मळा. नाकाला झोंबणारा उग्र वास आला तर त्यात अमोनियायुक्त खत आहे. तापल्या तव्यावर खरे डीएपीचे दाणे फुगतात, सुपर फॉस्फेटचे फुगत नाहीत. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि पेला हाताला गार लागतो, तव्यावर टाकला तर वितळून जातो आणि मागे काही उरत नाही. या चाचण्यांनी उघड बनावट पकडता येते. ४६ च्या जागी ४० टक्के आहे का, ते यातून कळणार नाही, त्याला खत नियंत्रण प्रयोगशाळाच लागते.

पक्कं बिल आणि न फोडलेली गोणी

बिलावर खताचं नाव, ग्रेड, कंपनी, बॅच क्रमांक आणि रक्कम लिहून घ्या. अनुदानित खत पॉस मशिनवर आधार क्रमांक घेऊन विकलं जातं, त्याची पावती निघते, तीही जपा. युरियाबरोबर एखादी द्रवरूप खताची बाटली घेतलीच पाहिजे असा आग्रह झाला, तर ती बिलावर वेगळी लिहायला सांगा. एवढं म्हटलं की बऱ्याचदा आग्रह मावळतो. नाहीच मावळला तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते.

दोन-तीन गोण्या घेतल्या असतील तर शक्यतो त्या एकाच बॅचच्या घ्या आणि वापर सुरू करताना एक तशीच ठेवा. खताबद्दल शंका आली तर पंचायत समितीतले कृषी अधिकारी किंवा तालुक्याचे खत निरीक्षक नमुना घेऊ शकतात. फोडलेल्या गोणीबद्दल विक्रेता सहज म्हणतो की तुम्हीच त्यात काही मिसळलं. अखंड शिवणीची, बिलावरच्या बॅचशी जुळणारी गोणी असली की त्याला तसं म्हणता येत नाही. कुणाकडे जायचं हे कळत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.